चुकीचं उत्तर, तरी सहापैकी पाच

प्रश्न : माझी मुलगी केंब्रिज बोर्डाच्या शाळेत अकरावीला आहे. सराव परीक्षेतल्या रसायनशास्त्राच्या एका गणिताचं उत्तर १० यायला हवं होतं. तिचं आलं २, तरीही तिला सहापैकी पाच गुण आहेत! उत्तराच्या कडेला लाल शाईने जागोजागी ‘ईसीएफ’ लिहिलंय. बाई म्हणाल्या, त्याचा अर्थ ‘एरर कॅरीड फॉरवर्ड’. तिच्या मैत्रिणीने शेवटी १० हेच बरोबर उत्तर लिहिलं होतं, तर तिला मात्र चारच गुण. आमच्या वेळी उत्तर चुकलं की गणित चुकलं, विषय संपला. चुकीच्या उत्तराला पाच आणि बरोबर उत्तराला चार, हा काय प्रकार आहे? दोन्ही उत्तरांचे फोटो सोबत पाठवतो आहे.
— एक पालक, पुणे

उत्तर : फोटो नीट पाहिले. दोघींनाही दिलेले गुण बरोबर आहेत, आणि दोघींची पहिली चूक एकच आहे. फरक पडला तो शेवटच्या ओळीत. तो समजून घ्यायचा तर आधी ते गणितच सोडवून पाहू. अकरावीचं आहे म्हणून घाबरू नका, त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात सोडियम कार्बोनेटच्या जोडीला पाणीही अडकलेलं असतं. म्हणून त्याचं सूत्र Na₂CO₃·xH₂O असं लिहितात, आणि x किती ते प्रयोगाने काढायचं असतं. प्रश्नात म्हटलंय, ३.४३ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून २५० घन सेंटिमीटर द्रावण केलं. त्यातलं २५.० घन सेंटिमीटर पिपेटने शंकुपात्रात घेतलं, त्यात मिथिल ऑरेंजचे थेंब टाकले आणि ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. पिवळा रंग नारिंगी झाला तेव्हा २४.० घन सेंटिमीटर आम्ल लागलं होतं. आम्लाची संहती दर लिटरला ०.१०० मोल. समीकरणही दिलेलं आहे:

Na₂CO₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + CO₂

या समीकरणातला HCl च्या आधीचा तो 2 लक्षात ठेवा. सगळं रामायण त्याच्यापायी घडलं आहे.

प्रश्नाचे पाच भाग आहेत. (अ) भागात आम्लाचे मोल विचारलेत: ०.०२४० लिटर गुणिले ०.१००, म्हणजे ०.००२४०. (ब) भागात शंकुपात्रातल्या कार्बोनेटचे मोल. एका कार्बोनेटला दोन आम्ल लागतात, म्हणून निम्मे, ०.००१२०. (क) भागात सगळ्या २५० घन सेंटिमीटरमधले मोल, म्हणजे दहापट, ०.०१२०. (ड) भागात स्फटिकाच्या एका मोलचं वस्तुमान: ३.४३ भागिले ०.०१२०, म्हणजे २८५.८. शेवटच्या (ई) भागात त्यातून निर्जल कार्बोनेटचे १०६ वजा करायचे आणि उरलेल्याला पाण्याच्या १८ ने भागायचं. उत्तर ९.९९, म्हणजे x = १०. पहिल्या चार भागांना एकेक गुण आणि (ई) भागाला दोन. त्या दोनांपैकी एक गुण रीतीचा, म्हणजे १०६ वजा करून १८ ने भागण्याचा, आणि दुसरा शेवटच्या पूर्णांकाचा.

आता तुमच्या मुलीचं उत्तर. (अ) बरोबर. (ब) मध्ये तिने निम्मे केलेच नाहीत, कार्बोनेटचेही मोल ०.००२४० लिहिले. एक गुण गेला, आणि तो जायलाच हवा होता, कारण समीकरण वाचून प्रमाण लावता येतं का, एवढंच तो भाग विचारत होता. पण पुढे काय केलं ते पाहा. (क) मध्ये तिने आपल्या आकड्याची दहापट केली, ०.०२४०. (ड) मध्ये ३.४३ ला त्याने भागलं, १४२.९. (ई) मध्ये १०६ वजा केले, उरले ३६.९, त्याला १८ ने भागलं, २.०५, आणि लिहिलं x = २. या तीन भागांतला एकही आकडा उत्तरसूचीतल्या बरोबर आकड्याशी जुळत नाही. आणि तिन्ही भागांत तिने केलेली क्रिया मात्र अचूक आहे.

(क) भाग विचारतो: पंचविसावरून अडीचशेवर जाता येतं का? येतं. (ड) विचारतो: वस्तुमान आणि मोल हाती असले तर एका मोलचं वस्तुमान काढता येतं का? येतं. (ई) विचारतो: पाणी वेगळं काढता येतं का? तेही येतं. प्रत्येक गुणाच्या मागे असा एकेक वेगळा प्रश्न आहे, आणि तिने त्यांतल्या एकाचंच उत्तर चुकवलं. म्हणून सहातून एक वजा, पाच.

‘उत्तर चुकलं की गणित चुकलं’ हा तुमच्या वेळचा नियम लावला तर तिला (अ) भागाचा एक गुण मिळाला असता. मग सहापैकी एक हा आकडा काय सांगतो? या मुलीला दहापट करता येत नाही, भागाकाराची मांडणी येत नाही, स्फटिकजल म्हणजे काय ते कळत नाही. यातलं एकही खरं नाही. (ब) भागातलं तेच एक अज्ञान तिच्याकडून पाच वेळा वसूल केलं गेलं असतं. गाडी कर्जतला वीस मिनिटं रखडली तर ती लोणावळ्यालाही उशिरा पोचते, शिवाजीनगरलाही आणि पुण्यालाही. पण चौकशी करणारा कर्जतच्या वीस मिनिटांबद्दल विचारतो, चारही स्टेशनांचा उशीर जोडून ऐंशी मिनिटं करत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रमाण लावायची पायरी या गणितात दुसरी आली, ती रचनेमुळे. प्रश्न काढणाऱ्याने वेगळं गणित निवडलं असतं तर तीच पायरी शेवटी आली असती. तेव्हा हीच चूक करणाऱ्या मुलीचा एकच गुण गेला असता, आणि इथे पाच गेले असते. चूक तीच, अज्ञान तेवढंच, आणि शिक्षा ठरणार कुठली पायरी कितव्या ओळीत छापली यावर. मापाचा प्रत्येक गुण काहीतरी वेगळं मोजत असला तरच बेरजेला अर्थ राहतो. म्हणून मी याला उदारता म्हणणार नाही. ही हिशेबातली दुरुस्ती आहे.

आता मैत्रीण. तिची गंमत अशी की (ब) मध्ये तिनेही निम्मे केले नाहीत. (क) ०.०२४०, (ड) १४२.९, (ई) मध्ये १०६ वजा, १८ ने भागाकार, २.०५. इथपर्यंत दोघींच्या वह्या एकमेकींच्या नकला वाटाव्यात. पण शेवटच्या ओळीत मैत्रिणीला आठवलं की धुण्याच्या सोड्यात पाण्याचे दहा रेणू असतात. हे दहावीपर्यंत कुठे ना कुठे वाचलेलं असतंच, आणि प्रश्नातच ‘धुण्याचा सोडा’ म्हटलेलं. मग तिने २.०५ च्या खाली बेधडक x = १० लिहिलं. दशांशातून पूर्णांकाकडे जाताना २.०५ चे १० कोणत्याच नियमाने होत नाहीत. शेवटचा गुण आपल्या हिशेबातून निघालेल्या पूर्णांकाचा होता, आणि तो तिने काढलाच नाही. (ब) चा एक गेला, हा एक गेला, राहिले चार.

बाहेरून बघणाऱ्याला हे उफराटं वाटतं हे मान्य. पण आधीची चूक पोटात घालून पुढचे गुण देण्याचा अर्थच असा आहे की तपासणारा उत्तरसूचीतला आकडा बाजूला ठेवतो आणि मुलीचा आकडा हातात घेतो. मग त्या आकड्यावरून जे निघेल तेच ‘बरोबर’. एकदा हा करार केला की तो दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. तुमच्या मुलीचे २ त्यामुळेच बरोबर ठरले आणि मैत्रिणीचे १० त्यामुळेच चूक. परीक्षक मंडळी याला ‘विद्यार्थ्याचा स्वतःचा आकडा’ म्हणतात. हिशेबशास्त्राच्या इंग्लंडातल्या उत्तरसूचींत तर ‘ओन फिगर’ अशी खूणच असते: ढोबळ नफा चुकला, पण त्या चुकलेल्या ढोबळ नफ्यातून खर्च नीट वजा करून निव्वळ नफा काढला, तर निव्वळ नफ्याचा गुण मिळतो. वाणिज्य शाखेच्या वाचकांना ताळेबंद न जुळण्याचं दुःख सांगायला नको.

तपासणाऱ्याच्या बाजूने हे काम किती कटकटीचं आहे, तेही सांगतो. बरोबर उत्तरं तपासायला सूचीवर नजर फिरवली की झालं. चुकीचं उत्तर पुढे न्यायचं म्हणजे प्रत्येक मुलाचं गणित त्याच्या आकड्यांनी पुन्हा करायचं. नेहमीच्या चुका माहीत असतात, त्यामुळे सूचीतच लिहून ठेवलेलं असतं: निम्मे केले नसतील तर ०.०२४०, १४२.९, २ हे स्वीकारा. पण मुलं चुका नव्यानव्या करतात. मग शेजारी कॅल्क्युलेटर ठेवून मुलाचा आकडा टाकत बसायचं. त्यात थकलेला तपासनीस काय करतो, तर १४२.९ दिसलं, सूचीत २८५.८ आहे, फुली. पुढच्या ओळीवर फुली. त्याच्या पुढच्या ओळीवरही फुली. उत्तरपत्रिका परत हातात आल्यावर पालकांनी किंवा मुलांनी नेमकी हीच गोष्ट बघावी. पहिल्या फुलीनंतर सलग फुल्यांची रांग असेल आणि मधे कुठेही ईसीएफची खूण नसेल, तर तिथे एकदा आपला आकडा टाकून हिशेब करून पाहायला हरकत नाही.

पण ही सवलत कुठे थांबते ते समजल्याशिवाय हिशेब करायला बसू नका, नाहीतर शाळेशी उगाच भांडण होईल.

तिसरी एक मुलगी कल्पनेने घेऊ. तिने (ब) मध्ये निम्मे करण्याऐवजी दुप्पट केले, ०.००४८०. हेही वारंवार घडतं. समीकरणात 2 दिसतो, पण त्याने गुणायचं की भागायचं तिथे गडबड होते. (क) ०.०४८०. (ड) ३.४३ भागिले ०.०४८०, म्हणजे ७१.५. इथपर्यंत दोन्ही भागांचे गुण तिला द्यायचे. आता (ई): ७१.५ मधून १०६ वजा करायचे आहेत. उत्तर उणे ३४.५, आणि १८ ने भागल्यावर x = −१.९. एका स्फटिकात पाण्याचे उणे दोन रेणू!

इथे मुलं दोन गोष्टी करतात. काही जणी मुकाट्याने वजाबाकी उलटी फिरवतात, १०६ वजा ७१.५, आणि x = २ असं नीटनेटकं उत्तर लिहून मोकळ्या होतात. कागद सुंदर दिसतो. पण ही वजाबाकी कुठल्याच अर्थाची नाही. पूर्ण स्फटिकाच्या वस्तुमानातून कोरड्या भागाचं वस्तुमान काढायचं असतं, त्याच्या उलट नव्हे. ही आधीच्या चुकीतून आपोआप आलेली चूक नाही, नवी केलेली चूक आहे, म्हणून रीतीचाही गुण जातो आणि उत्तराचाही. दुसऱ्या जणी प्रामाणिकपणे −१.९ लिहितात. त्यांना रीतीचा गुण मिळतो, शेवटचा मात्र नाही, कारण पाण्याच्या रेणूंची संख्या ऋण असू शकत नाही हे समजणं त्या गुणात गृहीत आहे. आयबी बोर्डाच्या गणिताच्या सूचना याबाबतीत स्पष्ट आहेत: संभाव्यता एकपेक्षा मोठी आली, कोनाचं साइन १.५ आलं, जिथे पूर्णांकच हवा तिथे अपूर्णांक आला, तर पुढे नेलेल्या चुकीवर त्या अंतिम उत्तराचा गुण द्यायचा नाही.

एखादी मुलगी −१.९ च्या शेजारी ‘हे शक्य नाही, मागे प्रमाणात चूक झाली असावी’ असं लिहिते. वेळ संपत आलेली असते, दुरुस्त करायला जागा नसते. माझ्या हातात असतं तर हा गुण मी आनंदाने दिला असता. उत्तरसूचीत त्याला बहुधा जागा नसते, आणि तपासनिसाने सूचीबाहेर जाऊन दानधर्म करायचा नसतो.

तुमच्या मुलीचं २ हे उत्तर या कसोटीत का नापास झालं नाही, असं कुणी विचारील. सोडियम कार्बोनेटचे ओळखीचे स्फटिक एक, सात किंवा दहा रेणू पाणी घेतात, दोन नव्हे. पण ते रसायनशास्त्रातलं पाठांतर झालं. २ हा धन पूर्णांक आहे, तेवढ्यावरून त्यात अशक्य असं काही दिसत नाही, आणि ‘x किती असतो ते सांगा’ असा प्रश्न नव्हताच. ‘मोजमापावरून काढा’ असा होता.

दुसरी मर्यादा जरा बारीक आहे आणि बहुतेक भांडणं तिच्यावरून होतात. समजा चौथ्या मुलीने (अ) ते (ड) सगळं बरोबर केलं, २८५.८ काढलं, आणि (ई) मध्ये १०६ वजा करायला विसरून सरळ १८ ने भागलं. उत्तर १५.९, म्हणून x = १६. तिची चूक एकच, तीही शेवटी. तिला किती? चार. तुमच्या मुलीची चूक आधीची, तरी तिला पाच, आणि हिला चार. कारण चूक पुढे नेण्याचा नियम साधारणपणे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना लागतो. एकाच भागाच्या पोटात रीतीचा गुण आणि अचूकतेचा गुण एकमेकांना बांधलेले असतात. रीतच चुकली असेल तर तिच्यातून आलेल्या उत्तराला अचूकतेचा गुण मिळत नाही. केंब्रिजच्या गणिताच्या सूचींत हे नियम म्हणूनच दिलेलं आहे. याच्या उलट, रीत बरोबर आणि केवळ बेरीज-वजाबाकीत घसरण झाली, तर रीतीचा गुण टिकतो आणि अचूकतेचा तेवढा जातो.

याचा एक परिणाम असा की गणिताचे भाग पाडले आहेत की नाहीत, यावर बरंच अवलंबून राहतं. हाच प्रश्न भाग न पाडता ‘x काढा, गुण सहा’ असा विचारला असता, तर सूची करणाऱ्याला आतल्या आत ठरवावं लागलं असतं की कुठल्या पायरीला कुठला गुण. चांगले प्रश्नकर्ते यासाठी आणखी एक युक्ती करतात. ‘कार्बोनेटचे मोल सुमारे ०.००१२ आहेत हे दाखवा’ असं विचारून उत्तर आधीच हातात देऊन टाकतात. ज्याला दाखवता आलं नाही तोही पुढे छापलेला आकडा घेऊन जाऊ शकतो. इंग्लंडातल्या रसायनशास्त्राच्या पेपरांत कधी याहून मजेदार ओळ असते: मागच्या भागाचं उत्तर आलं नसेल तर अमुक आकडा धरा, हा बरोबर आकडा नाही. मुद्दाम चुकीचा आकडा देण्याचं कारण उघड आहे. बरोबर आकडा दिला तर मुलं तो मागच्या भागात नेऊन चिकटवतील.

तिसरी गोष्ट, चुकीचा परिणाम आणि चुकीची पुनरावृत्ती यांत फरक आहे. घन सेंटिमीटरचे लिटर करायला एखादा (अ) मध्ये विसरला, आणि पुढच्या एखाद्या स्वतंत्र प्रश्नात पुन्हा विसरला, तर दुसऱ्यांदाही गुण जातो. तिथे मागून काही वाहत आलेलं नाही, त्याने तीच चूक नव्याने केली आहे. आधीचा आकडा पुढे वापरल्यामुळे जे बिघडलं तेवढ्यालाच माफी. आकडा उतरवताना ०.००२४० चे ०.००४२० झाले, तर बहुतेक ठिकाणी त्याचा एकदा एक गुण कापतात आणि पुढचं त्या आकड्याने तपासतात. मात्र अशा घसरणीने पुढचं काम फारच सोपं होऊन गेलं, म्हणजे वर्गसमीकरण सोडवायचं होतं आणि चुकीमुळे x² ची पदंच उडून गेली, तर पूर्ण गुण देत नाहीत. जी अवघड गोष्ट तपासायची होती ती करायची वेळच आलेली नसते.

आणि पायऱ्या लिहिलेल्या नसतील तर यातलं काहीच लागू होत नाही. तुमच्या मुलीने कॅल्क्युलेटरवर सगळं करून नुसतं ‘x = २’ लिहिलं असतं, तर पुढे न्यायला कागदावर चूकही नव्हती आणि बरोबरही नव्हतं. शून्य. बहुपर्यायी प्रश्नांचंही तसंच. जेईई मेनच्या पर्यायी प्रश्नात २ हा पर्याय हमखास ठेवलेला असतो, कारण निम्मे करायला विसरणारे किती तरी असतात हे प्रश्नकर्त्याला ठाऊक असतं. तिथे हीच मुलगी, हेच ज्ञान, आणि गुण उणे एक. म्हणून पर्यायी परीक्षांची तयारी करणारी मुलं आणि पायऱ्यांच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं एकाच क्लासमध्ये बसली की लेखनाच्या सवयींची ओढाताण होते. पायऱ्या गाळण्याची सवय एका बाजूला वेळ वाचवते आणि दुसऱ्या बाजूला गुण खाते.

हा सगळा परदेशी बोर्डांचा लाड आहे, असं तुमच्या पत्रातून थोडं डोकावतं. तसं नाही. सीबीएसईच्या उत्तरसूचीत सुरुवातीलाच तपासनिसांसाठी सर्वसाधारण सूचना छापलेल्या असतात. त्यांत ही एक असते की एका चुकीच्या साचत जाणाऱ्या परिणामाबद्दल गुण कापू नयेत, चुकीची शिक्षा एकदाच व्हावी. शब्द वेगळे, नियम हाच. महाराष्ट्रातल्या सीबीएसई शाळांतली हजारो मुलं या नियमाखाली परीक्षा देतात, फक्त ‘ईसीएफ’ ही अक्षरं त्यांच्या कागदावर दिसत नाहीत.

राहिला तुमचा न लिहिलेला आक्षेप, जो असे प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असतो: उद्या ही मुलगी औषधाच्या कारखान्यात गेली आणि तिथे निम्मे करायला विसरली तर? तर माल दुप्पट ताकदीचा निघेल, आणि तिथे सहापैकी पाच कुणी देणार नाही. पण म्हणूनच कारखान्यात एकाचा हिशेब दुसरा तपासतो आणि तयार मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे उत्तर बरोबर येण्याची जबाबदारी साखळीवर असते. परीक्षेत एकटी मुलगी असते, आणि आपल्याला शोधायचं असतं की तिच्या साखळीतली कुठली कडी कच्ची आहे. सहापैकी एक दिला तर शिक्षकाला वाटेल सगळंच कच्चं आहे. पाच दिले आणि (ब) वर फुली असली, तर उद्या वर्गात काय शिकवायचं ते त्याच्यासमोर लिहिलेलं आहे: समीकरणातल्या आकड्यावरून प्रमाण. बाकीच्या चार पायऱ्यांवर वेळ घालवायची गरज नाही.

सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत कुणाला सलग फुल्यांची रांग सापडलीच, तर काय करावं? सीबीएसई शुल्क घेऊन तपासलेल्या उत्तरपुस्तिकेची प्रत देते आणि पुनर्मूल्यांकनाची सोयही आहे. प्रत हातात आली की मुलीसोबत बसा आणि सगळ्यात आधी (ब) वरची फुली मान्य करा, तो गुण परत मागू नका. मग तिचाच ०.००२४० घेऊन पुढचा प्रत्येक भाग कॅल्क्युलेटरवर करा. तिने लिहिलेले आकडे तुमच्या आकड्यांशी जुळत असतील आणि फुली असेल, तर तेवढ्या भागांसाठी अर्ज करा. जिथे जुळत नसतील तिथे तिने नवी चूक केली आहे, ते भाग सोडून द्या.